पाटी आणि तिचं पाण्यातलं प्रतिबिंब: फोटोशॉपच्या स्मार्ट ऑब्जेक्टचा आठ महिन्यांचा अनुभव

नागपुरात पाऊस थांबला की दुकानांसमोर पाणी साचतं आणि अर्ध्या तासात ते आरशासारखं स्थिर होतं. त्या वेळी काढलेले पाट्यांचे फोटो गिऱ्हाइकाला फार आवडतात, कारण दुकानाचं नाव वर एकदा आणि पाण्यात एकदा असं दोनदा दिसतं. मी फ्लेक्स आणि पाट्यांचं डिझाइन करतो. जुन्या पाटीच्या फोटोवर नवी पाटी बसवून दाखवणं हे माझं रोजचं काम आहे, आणि गेल्या जुलैपासून त्यात पाण्यातली पाटीही आली. हे सगळं मी फोटोशॉपच्या स्मार्ट ऑब्जेक्टवर करतो. आठ महिन्यांत जे हाती लागलं ते लिहितोय.

आधी मी दोन पाट्या वेगवेगळ्या बनवायचो. वरची बनवली की तिची प्रत काढायची, उलटी करायची आणि पाण्यावर ठेवायची. मग गिऱ्हाईक म्हणायचं, 'नाश्ता'चा 'अल्पोपाहार' करा. वर बदल व्हायचा आणि खाली जुनाच शब्द राहायचा. आता पाटीचा लेयर तयार झाला की त्यावर राइट क्लिक करून `Convert to Smart Object` करतो, मग `Ctrl+J` ने त्याची दुसरी प्रत काढतो. या दोन्ही प्रती आतून एकच असतात. लेयरच्या छोट्या चित्रावर डबल क्लिक केलं की पाटी वेगळ्या खिडकीत उघडते. तिथं शब्द बदलून `Ctrl+S` दाबलं की फोटोतली वरची आणि पाण्यातली, दोन्ही पाट्या बदलतात. तिरकेपणा, उलटेपणा, धूसरपणा हे सगळं ज्या त्या प्रतीवर तसंच राहतं.

इथं एक गोष्ट मला महागात पडली. राइट क्लिकच्या मेनूत `New Smart Object via Copy` असाही पर्याय आहे. दिसायला तीच प्रत येते, पण ती आतून स्वतंत्र असते. सुरुवातीला मी तोच वापरला आणि दोन दिवस पाण्यातली पाटी का बदलत नाही हे कळेना. आतल्या खिडकीत कॅनव्हासचा आकारही बदलायचा नाही, नाहीतर बाहेर बसवलेली पाटी जागेवरून सरकते. पाटीचं माप आधी ठरवून घ्यावं.

पण दोन्हीकडे एकच शब्द आले म्हणजे प्रतिबिंब बरोबर झालं, असं होत नाही. खरं शिक्षण त्यानंतर सुरू झालं.

तर्री पोह्याच्या एका दुकानाचं काम सविस्तर सांगतो. फोटो मी स्वतः काढला होता, मोबाईल पाण्यापासून दीड मीटर उंचीवर आणि अगदी सरळ धरून. पाटी माझ्यापासून 10 मीटरवर होती, तिची खालची कड जमिनीपासून 2 मीटरवर आणि वरची 3 मीटरवर. साचलेलं पाणी मात्र दुकानाला लागून नव्हतं. पाणी माझ्यापासून 7 मीटरवर संपत होतं आणि पुढे दुकानापर्यंत 3 मीटर ओला रस्ता होता. पाटीच्या अंतरावर 1 मीटर म्हणजे फोटोत 300 पिक्सेल.

मी जुनं प्रतिबिंब पुसून टाकलं, नवी पाटी `Flip Vertical` केली आणि पाण्याची जी कड दिसत होती तिथं कागदाची घडी घालावी तशी खाली बसवली. बघताक्षणी काहीतरी खटकत होतं. शेजारच्या दुकानाच्या, त्याच रांगेतल्या पाटीचं प्रतिबिंब बरंच वर होतं आणि माझी पाटी पाण्यात खोल बुडाल्यासारखी दिसत होती. मोजलं तेव्हा 386 पिक्सेलची चूक निघाली. पाटीची स्वतःची उंचीच 300 पिक्सेल होती.

घडी पाण्याच्या कडेवर नसते. पाण्याची पातळी मनातल्या मनात पुढे वाढवून ती पाटीच्या बरोबर खाली नेली की जिथं पोहोचते, तिथं त्या पाटीची घडी असते, मग मध्ये रस्ता असो की फुटपाथ. या फोटोत ती जागा रस्त्यावर, दुकानाच्या पायाशी होती. पाटीची खालची कड तिथून 2 मीटर, म्हणजे 600 पिक्सेल वर, म्हणून प्रतिबिंबातली तीच कड तिथून 600 पिक्सेल खाली यायला हवी. मी पाण्याच्या कडेपासून मोजलं होतं, ती कड फोटोत या जागेच्या 193 पिक्सेल खाली होती आणि चूक दुप्पट होऊन आली.

आता मी जुनं प्रतिबिंब पुसण्याआधीच त्याचे चारही कोपरे गाइड टाकून खुणावून ठेवतो. पाटीचा कोपरा आणि पाण्यातला तोच कोपरा यांच्या बरोबर मधला बिंदू म्हणजे त्या पाटीची घडी. पुढे उभ्या असलेल्या सायकलची घडी वेगळी निघते, फोटोत आणखी खाली, कारण सायकल आपल्या जवळ आहे. एका फोटोत सगळ्यांची घडी एकाच ओळीवर धरली की काहीतरी चुकणारच.

अक्षरांबद्दल एक खूण कायम तपासतो. पाण्यात पाटी वर-खाली उलटते, डावी-उजवी नाही. 'तर्री पोहा'मधला त डावीकडे आहे तर पाण्यातही त डावीकडेच, वरच्या त च्या बरोबर खाली हवा. शिरोरेषा अक्षरांच्या खाली जाते आणि रफार नि मात्रा तिच्याही खाली लोंबतात. घाईत पाटी 180 अंश फिरवली तर त उजवीकडे जातो. ही चूक मी छापून लागलेल्या जाहिरातीतही पाहिली आहे.

याच दुकानाच्या पाटीखाली पत्र्याचा शेड होता, साधारण 60 सेंटीमीटर पुढे आलेला, 1.9 मीटर उंचीवर. पाटीच्या अगदी तळाशी मोबाईल नंबर होता. दुकानवाल्या भाऊंनी पहिला नमुना बघितल्या बघितल्या विचारलं, "भाऊ, पाण्यात नंबर काहून नाही दिसून राह्यला?"

त्यांची शंका रास्त होती, आणि फोटो बरोबर होता. प्रतिबिंबात आपण पाटीकडे जमिनीच्या खालून, पाण्याखाली दीड मीटरवर कॅमेरा ठेवल्यासारखं बघतो. तिथून वर बघताना शेडची कड मध्ये येते आणि पाटीचा खालचा भाग झाकते. हिशोब केला तर पाटीचे खालचे 12 सेंटीमीटर झाकले जातात. उभं राहून बघताना मात्र तोच शेड पाटीच्या खाली राहतो आणि नंबर पूर्ण दिसतो. म्हणून दोन्ही प्रतींचा मास्क वेगळा ठेवावा लागतो. वरच्या पाटीचा मास्क जसाच्या तसा उलटा करून खाली वापरला की शेड आणि पाटी एकमेकांत घुसल्यासारखे दिसतात. भाऊंना मी त्याच दुकानासमोर नेऊन खाली वाकायला सांगितलं. त्यांनी पाण्याकडे बघितलं, मग पाटीकडे, आणि नंबर पाटीच्या वरच्या भागात घ्यायला सांगितलं. आतल्या खिडकीत नंबर वर नेला, सेव्ह केलं, दोन्हीकडे नंबर दिसला.

उजेडाकडे वळतो, कारण तिथंच बहुतेक काम खोटं वाटतं. नुसती ओपॅसिटी 50 टक्के करणं पुरत नाही. पाणी उजेडाचा किती भाग परत देतं हे बघण्याच्या कोनावर ठरतं. या फोटोत पाटीच्या खालच्या कडेकडून येणारा उजेड पाण्यावरून सुमारे 14 टक्के परत येत होता, वरच्या कडेचा सुमारे 9 टक्के, कारण वरच्या कडेचं प्रतिबिंब आपल्या पायाजवळ पडतं आणि तिथं आपण पाण्याकडे जास्त खडं बघतो. त्यामुळे प्रतिबिंबातली पाटी खाली येता येता काळवंडत जाते. पाण्याखालचं डांबर नि गढूळपणा थोडा उजेड स्वतःचाही देतात, म्हणून काळी अक्षरं पाण्यात पूर्ण काळी राहत नाहीत.

अंदाज करण्यापेक्षा मी जुन्या प्रतिबिंबावरच `Info` पॅनेलने आकडे घेतो. इथं पाटीचा पांढरा रंग 235 होता. पाण्यात तोच पांढरा पाटीच्या खालच्या कडेला 106 आणि वरच्या कडेला 90 निघाला. काळी अक्षरं 45 च्या आसपास होती. प्रतिबिंबाच्या लेयरवर `Levels` क्लिप करून त्यातले आउटपुटचे दोन आकडे 45 आणि 106 केले, मग वरच्या कडेकडे हलका ग्रेडियंट देऊन 90 पर्यंत आणलं. पांढरा आणि काळा, दोन्ही जुळले की डोळा हरकत घेत नाही.

धूसरपणाबाबत माझा समज उलटा होता. पाण्यावर पडलेलं पान फोटोत अस्पष्ट असेल म्हणून प्रतिबिंबही अस्पष्ट करायचो. पण उजेड पाटीपासून पाण्यावर आणि तिथून कॅमेऱ्यात असा पाटीइतकंच अंतर कापून येतो, म्हणून पाटी फोकसमध्ये असेल तर तिचं प्रतिबिंबही जवळपास तेवढंच स्पष्ट असतं. स्थिर पाण्यातही बारीक हालचाल असतेच, आणि ती प्रतिबिंबाला उभ्या दिशेनं ताणते. म्हणून फक्त खालच्या प्रतीवर `Motion Blur` 90 अंशात 3 पिक्सेल देतो. स्मार्ट ऑब्जेक्टवर तो स्मार्ट फिल्टर म्हणून लागतो, त्यामुळे पुढे कधीही कमी-जास्त करता येतो.

जिथं ही पद्धत अडते तेही सांगतो. फुटाळ्याच्या काठावरच्या एका पाटीचा फोटो बाजूनं, तिरका काढलेला होता. पाटीचं एक टोक जवळ, दुसरं लांब. अशा पाटीच्या प्रत्येक बिंदूची घडी वेगळ्या उंचीवर असते, म्हणून साधं `Flip Vertical` चालतच नाही. वरच्या पाटीच्या आडव्या कडा रेघांनी वाढवल्या तर त्या दूर क्षितिजावर एका बिंदूत मिळतात, आणि प्रतिबिंबाच्या कडाही त्याच बिंदूत मिळायला हव्यात. नुसत्या उलट्या केलेल्या पाटीच्या कडा भलतीकडेच मिळतात, आणि कारण सांगता आलं नाही तरी पाटी वाकडी वाटते. मी उलटी प्रत `Distort` मध्ये घेऊन तिचे कोपरे एकेक करून खुणांवर बसवतो. मोबाईल खाली झुकवून काढलेल्या फोटोतही हेच करावं लागतं, कारण तिथं उभ्या कडा खाली जाताना जवळ येतात आणि प्रतिबिंब थोडं अरुंद होतं.

जिथं जुनं प्रतिबिंब पुसून गेलेलं आहे किंवा फोटोत पाटीचं प्रतिबिंब अर्धवटच आहे, तिथं आकडे घ्यायला काही उरत नाही. मग त्याच रांगेतल्या शेजारच्या पाटीवरून घडी आणि उजेड काढतो. तीही नसेल तर मी गिऱ्हाइकाला पुढच्या पावसानंतर पुन्हा फोटो काढू म्हणून सांगतो.