बिलबुकाचा फोटो की पीडीएफ?

इंदूरच्या रामबागेत बाबांचं शिलाईचं दुकान आहे. परगावच्या गिऱ्हाइकांना ते बिलबुकाच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे. अर्ध्या मिनिटाचं काम, आणि हातातली कात्री खाली ठेवली की लगेच होणारं. पण कार्बनखालची फिकट निळी अक्षरं, त्यात फोटो पाठवताना आणखी पुसट होणारी. उज्जैनच्या काकूंनी 790 चे 190 वाचले आणि तेवढेच पाठवले. बाबा काही बोलले नाहीत. मला मात्र फार लागलं.

मग मी गूगल शीट्समध्ये बिल मांडलं: तीन ब्लाउज, शिलाई 350 प्रमाणे 1050, अस्तर 80 प्रमाणे 240, आगाऊ 500. बाकी सूत्रानंच काढली:

```
=SUM(D2:D3)-D4
```

पहिली पीडीएफ फसली. रकमेचा रकाना दुसऱ्या पानावर गेला होता. लॅपटॉपवर डाउनलोड करताना कागद A5 निवडला, `Fit to width` केलं, तेव्हा सगळं एका पानावर बसलं. फाइलला बिल क्रमांक आणि आडनाव दिलं, म्हणजे चॅटमध्ये शोधताना सापडते. आकडे कुठल्याही फोनवर तसेच ठळक दिसतात.

दुकानात समोर उभ्या गिऱ्हाइकाला मी आजही बिलबुकच देते, ते पटकन होतं. पीडीएफ परगावच्यांसाठी. चूक निघाली तर जुन्या फाइलवर खाडाखोड नाही. शीट दुरुस्त करून, त्याच क्रमांकापुढे ‘सुधारित’ लिहून नवी पाठवते.

काल बाबा म्हणाले, ‘‘पोरी, काकूंना नव्यानं पाठव गं.’’