पत्रिका फारसीत: शब्दाला शब्द, की तिकडच्या रीतीने?

मुलगी आमची, म्हणजे माझी पुतणी, मुलगा शिराझचा आणि लग्न पुण्यात. मुलाकडच्या वडीलधाऱ्यांना पत्रिका फारसीत जावी असं ठरलं. घरात मोडकीतोडकी फारसी येणारा मी एकटाच, त्यामुळे काम माझ्या गळ्यात पडलं. दोन मार्ग समोर होते. आपली पत्रिका ओळीला ओळ लावून उतरवायची, नाहीतर इराणी घरांतून जसं लग्नाचं कार्ड जातं तसं कार्ड लिहायचं आणि आपला मजकूर त्यात बसवायचा. आम्ही दोन्ही करून पाहिलं.

ओळीला ओळ हा मार्ग घरात सगळ्यांना आवडला होता, मलाही. त्यात कुलस्वामिनी राहते, आजोबांचं नाव राहतं, तिथी राहते, कोणी रुसत नाही. शिवाय तिकडच्यांना आपली पत्रिका नेमकी कशी असते हे कळतं. कागदपत्रांचे अनुवाद करणाऱ्या एका गृहस्थांकडे मजकूर दिला. चार दिवसांत आला, व्याकरणाला धरून चोख.

तो छापण्याआधी जावईबापूंना दाखवला हे नशीब. ते पहिल्याच ओळीत अडकले. ‘चि.’ म्हणजे चिरंजीव, चिरंजीव म्हणजे अमर, म्हणून अनुवादकांनी मुलाच्या नावाआधी ‘जावीदनाम’ घातलं होतं. ‘जावीद’ म्हणजे अमर, इथवर ठीक. पण ‘जावीदनाम’ म्हणजे ज्याचं नाव मागे अमर राहिलं तो. हल्ली हा शब्द मृताच्या नावाआधी लावतात, आपल्याकडे ‘कै.’ लावतात तसा. शिराझला आत्याबाईंनी पाकीट उघडलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी आजही करत नाही.

माझा कौल इथेच फिरला. चूक एका शब्दाची होती, तो बदलून भागलं असतं, हे कबूल. पण मग लक्षात आलं की ‘चि.’चा अर्थ आपण तरी कुठे वाचतो? ते फक्त सांगतं की हा घरातला धाकटा आहे, अजून लग्नाचा आहे. ‘चि. सौ. कां.’चंही तेच. अनुवादात तिचं ‘नवऱ्याच्या दीर्घायुष्याची इच्छा धरणारी’ झालं होतं, आणि लग्नाच्या कार्डावर नवऱ्याच्या आयुष्याची काळजी कशाला, असं जावईबापूंनी अगदी सरळपणे विचारलं. इराणी कार्डावर या जागी मुलीच्या नावाआधी ‘दूशीझे’ आणि मुलाच्या नावाआधी ‘आगाये’ पुरतं. अर्थ वेगळा, काम तेच.

‘कन्यादान’ची गत याहून वाईट. त्याचं ‘एहदा-ये दोख्तर’ झालं होतं. ‘एहदा’ म्हणजे अर्पण करणं, शब्द वाईट नाही. पण रोजच्या फारसीत तो रक्तदानाला आणि अवयवदानाला लागतो. आम्ही ती ओळच काढली. ‘हळद’ही नुसती ‘झर्दचूबे’ म्हणून ठेवली तर मसाल्याच्या डब्यातली वाटते. तिथे लग्नाआधी मेंदीचा समारंभ असतो, ‘हनाबंदान’. ‘हनाबंदानसारखा हळद लावण्याचा विधी’ एवढं म्हटलं की चित्र उभं राहतं. सप्तपदी मात्र आपोआप जमली: ‘हफ्त गाम’, सात पावलं. अंतरपाटाला थोडं जपावं लागतं. इराणी लग्नातही कापड धरतात, पण वधूवरांच्या डोक्यावर, आणि त्यावर साखरेच्या ढेपा घासतात. आपलं कापड दोघांच्या मध्ये असतं, हे लिहावंच लागतं.

एक सावधगिरी उर्दू येणाऱ्यांसाठी. आमच्या एका स्नेह्यांनी मदत म्हणून ‘शादी’ लिहून दिलं. फारसीत ‘शादी’ म्हणजे आनंद. लग्न म्हणजे ‘आरूसी’ किंवा ‘एझ्देवाज’. ‘अक्द’ही मी टाळला, कारण तो ऐकला की निकाहाचा करार डोळ्यांपुढे येतो. ‘आईन-ए एझ्देवाज’, म्हणजे विवाहविधी, हे आपल्याला बसतं.

आशीर्वादाची ओळ मला सर्वांत अवघड वाटली होती, ती सर्वांत सोपी निघाली. ‘शुभाशीर्वाद द्यावेत ही विनंती’ शब्दशः केलं की अर्ज केल्यासारखं वाटतं. तिकडे म्हणतात, तुमची ‘दोआ-ये खैर’ त्यांच्या वाटेची ‘बदरगे’ होवो. बदरगे म्हणजे निघालेल्याला सोबत करत पोचवायला जाणं. वर ‘श्रीकृपेकरून’साठी ‘बे लोत्फ-ए परवरदेगार’, आणि सुरुवातीला ‘बे नाम-ए खोदा’. गणपती चित्रात ठेवला. आमच्या आईला शब्दात हवा होता, तेव्हा ही तडजोड तुमच्या घरी चालेलच असं नाही.

इराणी रीतीचं कार्ड एका बाबतीत उणं पडतं, तेही सांगतो. तिथे वेळ ‘अमुक ते अमुक’ अशी पट्ट्यात देतात आणि पाहुणे त्या पट्ट्यात सवडीने येतात. आपला मुहूर्त 12 वाजून 35 मिनिटांचा. पट्टा दिला असता तर अक्षता पडून गेल्यावर मंडळी आली असती. इथे रीत मोडून आम्ही वेगळी ओळ घातली: मंगलाष्टकं 12:35ला संपतात, कृपया 12 पर्यंत स्थानापन्न व्हावं. घरी बसून पाहणाऱ्यांसाठी इराणची वेळ 10:35, दोन तासांचा फरक.

तारखेलाही तिकडचं पंचांग हवं. आमची मार्गशीर्ष शुद्ध तृतीया, शके 1947, म्हणजे 23 नोव्हेंबर 2025, रविवार. तिथे ती 2 आझर 1404, ‘यकशंबे’. महिना अक्षरात लिहा. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या मजकुरात तिरप्या रेघांची तारीख छापताना उलटसुलट होते, आमच्या पहिल्या नमुन्यात झालीच होती.

आणि नाव. पुतणीचं नाव मुग्धा. उर्दूच्या सवयीने ‘ध’साठी द आणि ह लिहिले की इराणी माणूस ते ‘मूगद-हा’ वाचतो, आणि ‘हा’ तर फारसीतला अनेकवचनाचा प्रत्यय. एका मुलीच्या अनेक मुली झाल्या. शेवटी ‘मूगदा’ लिहिलं, खाली रोमनमध्ये नाव दिलं.

मूळ पत्रिका संग्रहात राहावी असं ज्यांना वाटतं त्यांनी ओळीला ओळ अनुवाद टिपांसह वेगळ्या कागदावर जरूर द्यावा, त्यात गैर काही नाही. पाकिटात पहिलं हाताला लागावं ते मात्र तिकडच्या रीतीचं कार्ड, असं माझं आपलं मत.

शब्दशः ठेवलेली एकच ओळ आमच्या कार्डावर होती. ‘माझ्या मावशीच्या लग्नाला यायचं हं!’ हिचं ‘बे आरूसी-ये खालेअम बियाईद हा!’ झालं, ‘हं’ला ‘हा’ जसाच्या तसा. इराणी कार्डांवर पुष्कळदा मुलांना आणू नये अशी नम्र सूचना असते. त्यामुळे शिराझहून फोन आला तो याच ओळीबद्दल: म्हणजे मुलांना आणायचं का? आणा म्हटलं, पाच आली.