रिटायरमेंटचा खर्च: सरसकट ६% धरायचा की वेगवेगळा?

इंदिरानगरचे आमचे काका यंदा ६० ला रिटायर होतायत, काका-काकूंचा खर्च आज महिन्याला ५०,००० आणि त्यांना प्रश्न पडलाय की सगळ्यावर ६% महागाई लावायची की खर्च वेगळे करायचे. दोन्ही मांडून बघितलं.

मेहनत बघाल तर सरसकट हिशोब पाच मिनिटांत होतो. सत्तरीला साधारण ८९,५००, ऐंशीला १,६०,०००.

वेगळं करायला वर्षभराची मेडिकलची बिलं काढावी लागतात. काकांचे घरखर्च ३५,०००, प्रवास ८,०००, औषधं आणि हेल्थ इन्शुरन्सचा हप्ता मिळून ७,००० निघाले. बाकीला ६%च ठेवून औषधपाण्याला आम्ही १२% धरले, कारण उपचार महागतातच आणि वय वाढलं की हप्ताही वाढतो. फिरणं मात्र कमी होतं, म्हणून आजच्या भावाने सत्तरीला ४,००० आणि ऐंशीला २,००० धरले. सत्तरीला आकडा येतो ९१,६०० च्या आसपास, म्हणजे जवळपास तोच! ऐंशीला मात्र १,८६,०००, त्यात मेडिकलच ६७,५००. म्हणजे पहिली दहा वर्षं चूक दिसतच नाही आणि दिसते तेव्हा कमवायचं वय गेलेलं असतं. यात घरी ठेवायच्या केअरटेकरचा पगार धरलेलाच नाही, तो वेगळा.

रिटायरमेंटला वीस वर्षं असतील तर सरसकट चालेल, दरवर्षी बदलता येतं. काकांसारखे उंबरठ्यावर असाल, किंवा घरात शुगर-बीपी असेल, तर वेगळाच करा.