तीन तासांची मैफल: ४४.१/१६, ४८/२४ की ९६/२४?

ठाण्यात नौपाड्यातल्या एका छोट्या सभागृहात तीन तासांची मैफल होती. माइक चार: गायिकेला एक, हार्मोनियमला एक, तबल्याला आणि डग्ग्याला एकेक. आदल्या दिवशी भाच्याचा फोन. "मामा, रेकॉर्डरला सेटिंग काय ठेवू? कार्ड बत्तीस जीबीचंच आहे."

हिशेब तोंडी होतो. सेटिंगमधला पहिला आकडा किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाची किती हजार सॅम्पल्स घ्यायची; दुसरा, प्रत्येक सॅम्पल किती बिटचं. एका सेकंदाची सॅम्पल्स, प्रत्येकाचे बाइट (१६ बिटला २, २४ बिटला ३), माइकची संख्या आणि ६० सेकंद यांचा गुणाकार करायचा आणि दहा लाखांनी भागायचं. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला ४८,००० × ३ × ४ × ६० = ३,४५,६०,००० बाइट, म्हणजे मिनिटाला ३४.५६ एमबी. तीन तासांचे ६.२२ जीबी. ४४.१/१६ ला हेच मिनिटाला २१.१७ एमबी, एकूण ३.८१ जीबी. ९६/२४ ला बरोबर दुप्पट: ६९.१२ एमबी आणि १२.४४ जीबी.

म्हणजे कार्डात तिन्ही बसतात. मग निवडायचं कशावरून?

४४.१/१६ मी बाद केलं. गायिका तारसप्तकात गेली की आवाज फाटू नये म्हणून लेव्हल खाली ठेवावी लागते. १६ बिटमध्ये मग आलापातले हलके स्वर नंतर वर उचलताना खरखरही वर येते. २४ बिटमध्ये लेव्हल सैल ठेवता येते. (सभागृहाच्या पंख्यांचा आवाज मात्र कुठल्याच बिटला जात नाही.) ९६ किलोहर्ट्झचा फायदा मला इथे दिसत नाही: ४८ मध्येच २४ किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज येतो आणि माणसाचा कान वीस किलोहर्ट्झच्या पुढे जात नाही. म्हणून ४८/२४.

खरी अडचण वेगळीच. साध्या वेव्ह फाइलमध्ये आकार लिहायला ३२ बिटच असतात, त्यामुळे ती ४.२९ जीबीच्या पुढे जात नाही. चारही माइक एकाच फाइलमध्ये घेतले तर ४८/२४ ला ही मर्यादा १२४ मिनिटांवर येते, ९६/२४ ला ६२ मिनिटांवर. बरेच रेकॉर्डर तिथे आपोआप दुसरी फाइल सुरू करतात आणि जोडताना काही हरवत नाही. पण एखादा थांबूनही जातो, आणि तेव्हा भैरवी अजून व्हायची असते. प्रत्येक माइकची वेगळी फाइल घेतली तर हा प्रश्न येत नाही, एकेक दीड जीबीच्या आसपास राहते.

भाच्याने लॅपटॉपवर टाकल्यावर पुन्हा फोन केला. "मामा, विंडोजमध्ये पाच पॉइंट एकोणऐंशीच दिसतंय. शेवट गेला का?" काही गेलं नव्हतं. विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं, त्यामुळे ६.२२ चे तिथे ५.७९ होतात.

तुमचा रेकॉर्डर मर्यादेला काय करतो ते घरीच बघा. ९६/२४ वर चार ट्रॅक एकाच फाइलमध्ये लावून टीव्हीसमोर ठेवा, तासाभरात कळेल.