एच. पायलोरी गेला का? श्वासाची तपासणी की शौचाची

औषधांचा कोर्स झाल्यावर एच. पायलोरी म्हणजे हेलिकोबॅक्टर हा जठरातला जंतू खरंच गेला का, हे या दोन तपासण्या सांगतात. जठरातल्या आम्लात तो तगतो तो युरिएज या विकरामुळे. ते युरिया फोडून अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड तयार करतं. अमोनिया जंतूभोवतीचं आम्ल मारतो.

श्वासाची तपासणी नेमकं हेच काम पकडते. उपाशीपोटी पहिला श्वास पिशवीत घेतात, मग कार्बन-१३ असलेला साधारण ७५ मिलिग्रॅम युरिया सायट्रिक आम्लाच्या पेयातून देतात आणि ३० मिनिटांनी दुसरा श्वास घेतात. जंतू असेल तर दुसऱ्या श्वासात कार्बन-१३ वाढलेला दिसतो. कार्बन-१३ किरणोत्सारी नसतो, त्यामुळे मुलांनाही चालतो.

शौचाच्या तपासणीत जंतूची प्रथिनं शोधतात. ती स्वस्त, उपाशी राहायची गरज नाही. पण मोनोक्लोनल, म्हणजे एकाच साच्यातल्या प्रतिपिंडांचीच घ्यावी. शौच पातळ असेल तर प्रथिनं विरळ होऊन जंतू निसटू शकतो.

फसगत दोन्हीकडे सारखीच होते. समजा, अँटिबायोटिकचा १४ दिवसांचा कोर्स १ तारखेला संपला, पण जळजळ होते म्हणून आम्ल कमी करणारं पँटोप्राझोल चालूच राहिलं. २० तारखेला केलेली तपासणी निगेटिव्ह आली, तरी तिच्यावर विसंबू नये: जंतू दबलेला असतो, मेलेला असेलच असं नाही. अँटिबायोटिक संपून किमान चार आठवडे आणि पँटोप्राझोल बंद करून दोन आठवडे जाऊ द्यावेत. ते बंद करण्याआधी मात्र डॉक्टरांना विचारावं, विशेषतः अल्सरमधून रक्तस्राव झाला असेल तर.

जठराचा भाग काढलेला असेल, तर युरिया पटकन पुढे सरकतो. तिथे शौचाची तपासणी बरी.