मुतखडा विरघळवणाऱ्या काढ्याने माझी उजवी किडनी घालवली

रक्कम आधी सांगतो, कारण तीच सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. तीन महिन्यांचा काढ्याचा कोर्स 18,600 रुपये, नंतर ‘किडनी शुद्धी किट’ 4,750 आणि कुरिअरचे 240. एकूण 23,590. दवाखान्याचा खर्च वेगळा, तो पुढे येईल.

मी भुसावळचा, मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. उन्हाळ्यात शेतावर पंप दुरुस्तीला जायचं, दिवसभरात जेमतेम दोन-तीन ग्लास पाणी पोटात जायचं. मार्च 2024 मध्ये उजव्या कुशीत असं दुखलं की दुकानातच आडवा झालो. सोनोग्राफीत उजव्या किडनीत 9 मिलिमीटरचा खडा निघाला. डॉक्टर म्हणाले, “एवढा मोठा खडा आपोआप पडेल याची खात्री नाही. दुर्बिणीने काढून टाकू.” खर्च साधारण साठ हजार सांगितला. मुलीच्या कॉलेजची फी भरायची होती, हात तिथेच थांबला.

मी काही अडाणी माणूस नाही. पण आमच्याकडे लिंबूपाण्याने खडा गेला असं सांगणारा घरटी एक सापडतो आणि ते खोटंही बोलत नसतात. त्यांचे खडे तीन-चार मिलिमीटरचे असतात. तेवढे बहुतेक खडे आपोआपच पडतात, लिंबू प्या नाहीतर ताक प्या. श्रेय मिळतं ते त्या दिवशी जे प्यायलं होतं त्याला. विकणाऱ्यांचा सगळा धंदा यावरच उभा आहे. शंभर लोकांना बाटल्या विकायच्या, ज्यांचे खडे तसेही पडणार होते त्यांचे व्हिडिओ दाखवायचे.

मीही व्हिडिओ बघूनच फोन केला. समोरची बाई गोड बोलायची. “दादा, ऑपरेशन केलं तर खडा परत होतो. आपण मुळापासून विरघळवू.” सकाळी उपाशीपोटी चार लिंबांचा रस, त्यावर दोन झाकणं काढा. आठवड्याने तिने एक काम सांगितलं. सकाळची लघवी काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवा आणि दुसऱ्या दिवशी बघा. बघितलं तर तळाला विटकरी रंगाचा गाळ बसलेला. “बघा दादा, किडनी साफ व्हायला लागली!” मी तो गाळ घरच्यांना दाखवत होतो हो. पुढे ऑपरेशननंतर मुलाची लघवी तशीच एका बाटलीत ठेवली. त्याने आयुष्यात काढा प्यायलेला नाही, तरी तळाला तसाच थर बसला. लघवी थंड झाली की तिच्यातले क्षार खाली बसतात, एवढंच ते आहे. किडनीत धुवून काढायचा गाळ नसतोच. दोन्ही किडन्या मिळून स्वतःच रोज 180 लिटरच्या आसपास द्रव गाळतात.

एप्रिलच्या शेवटी दोन दिवस भयंकर दुखलं, उलट्या झाल्या आणि मग दुखणं एकदम थांबलं. बाई म्हणाली, खडा विरघळून गेला. जूनमध्ये दुसरी सोनोग्राफी केली. तिने रिपोर्टचा फोटो मागवला आणि ‘उजव्या किडनीत खडा नाही’ या ओळीभोवती लाल गोल करून मला परत पाठवला, खाली अभिनंदन. मी पेढे वाटले.

त्या गोलाखालची ओळ मी वाचली नाही. ती अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. तिथे लिहिलं होतं की उजव्या किडनीला सौम्य सूज आहे आणि मूत्रनळीचा मधला भाग पोटातल्या गॅसमुळे दिसला नाही. खडा किडनीतून निघून नळीत अडकला होता. सोनोग्राफीला नळीचा मधला भाग नीट दिसत नाही, त्यासाठी सीटी स्कॅन लागतो. खडा खरंच गेला असता तर किडनी का सुजली असती? मी रोज पंपाच्या पाइपांत हात घालणारा माणूस, पुढे पाइप तुंबला की मागे पाणी चढतं हे मला कोणी शिकवायला नको होतं! पण दुखत नव्हतं, म्हणून मी निर्धास्त राहिलो. दुखणं थांबणं म्हणजे अडथळा गेला असं नाही. दाब हळूहळू वाढत राहिला की किडनी ताणाला सरावते, दुखत नाही, आणि आतून मरत जाते. हे तेव्हा मला कोणीतरी सांगायला हवं होतं. त्या रिपोर्टवर मी त्यांच्याकडून शुद्धी किट घेतलं.

ऑक्टोबरमध्ये थंडी वाजून ताप भरला. सीटी स्कॅनमध्ये खडा नळीत जसाच्या तसा होता. जंतुसंसर्ग झालेला, म्हणून आधी स्टेंट टाकून किडनी मोकळी केली आणि तीन आठवड्यांनी खडा काढला. खर्च 84,300 रुपये. मग किडनीचा वेगळा स्कॅन झाला, त्यात उजवी 19 टक्के काम करते, डावी 81. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन मात्र 1.1, म्हणजे नॉर्मल, कारण डावी किडनी सगळं ओढून नेत होती. क्रिएटिनिन चांगलं आहे म्हणून गाफील राहू नका.

खडा तपासायला पाठवला, कॅल्शियम ऑक्झलेटचा निघाला. बहुतेकांचे त्याचेच असतात आणि तो कुठल्याही औषधाने विरघळत नाही, लिंबाने तर नाहीच. लिंबातलं सायट्रेट लघवीतल्या कॅल्शियमला धरून ठेवतं, त्यामुळे फार तर नवीन खडा बनायला थोडा अडथळा होत असेल. इटलीत रोज दोनदा 60 मिलिलिटर लिंबाचा रस देऊन दोन वर्षं पाहिलं, तरी ठाम फायदा सिद्ध झाला नाही. पाण्याचं मात्र सिद्ध झालं आहे. तिथल्याच 1996 च्या अभ्यासात भरपूर पाणी पिणाऱ्यांत पाच वर्षांत 12 टक्क्यांना परत खडा झाला, इतरांत 27 टक्क्यांना. रोज दोन लिटरच्या वर लघवी व्हायला हवी, हाच हिशोब धरा. विरघळतो तो युरिक ॲसिडचा खडा, तोही डॉक्टरांनी मोजून दिलेल्या पोटॅशियम सायट्रेटने. विकणारे हा एक अपवाद सगळ्या खड्यांना चिकटवतात.

आता तक्रारीचं ऐका. पोलीस चौकीत साहेब म्हणाले, “तुम्ही स्वतःच पैसे पाठवलेत, यात फसवणूक कुठे?” औषधांच्या सरकारी कार्यालयात गेलो तर बाटलीवर आयुर्वेदाचा परवाना नंबर आहे म्हणून दुसऱ्या टेबलावर पाठवलं. त्या टेबलाने कंपनीचा पत्ता दुसऱ्या राज्यातला आहे म्हणून तिकडे लिहायला सांगितलं. हेल्पलाइनने नंबर दिला आणि एकवीस दिवसांनी तक्रार ‘निकाली’ काढली. निकाल काय लागला हे मला कोणी कळवलं नाही. मुतखडा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायलाच 1954 च्या आक्षेपार्ह जाहिराती कायद्याने बंदी आहे, मूत्रपिंडाचे खडे त्या यादीत स्पष्ट लिहिलेले आहेत. मी त्या पानाची झेरॉक्स घेऊन गेलो. साहेबांनी ती उलटी करून टेबलावर ठेवली आणि चहा मागवला. माझी किडनी गेली आणि यांच्यासाठी तो कागद होता! चार महिन्यांत पाच चकरा मारल्या, प्रत्येक वेळी दुकान बंद ठेवून.

ज्यांच्या घरी आत्ता अशी बाटली उघडी आहे त्यांनी आजच रिपोर्ट काढा आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. सूज लिहिली असेल तर मूत्रविकारतज्ज्ञाकडे जा. ताप आणि खडा एकत्र असेल तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच निघा. खडा पडला असं वाटलं तर लघवी गाळणीतून गाळून तो हातात घ्या आणि तपासायला द्या. हातात आला नाही, स्कॅनमध्येही पाहिलं नाही, तर तो गेला असं धरू नका. बिलाशिवाय पैसे पाठवू नका, माझ्याकडे बिल नाही.

गेल्या मंगळवारी त्याच नंबरवरून मेसेज आला, ‘दादा, खडा परत होऊ नये म्हणून मेंटेनन्स कोर्स, फक्त 2,100 रुपये.’ त्याचा फोटो काढून तक्रारीला जोडला आहे. बुधवारी सहाव्यांदा जाणार आहे.