उधारीची वही टाइप करून घेतलीत, आता तपासायची कशी? नुसती बेरीज, नजर फिरवणं, दोनदा टायपिंग, की अंक-अंक वाचून

वहीच्या पानांचे फोटो काढून दिले, कोणीतरी ते बघून एक्सेलमध्ये टाइप केलं, आणि फाइल हातात आली. आता दुकानदार म्हणून तुमचा प्रश्न असतो की खालची बेरीज जुळतेय ना, मग प्रत्येक अंक बघत बसायची काय गरज? प्रश्न अगदी बरोबर आहे, कारण तपासायला वेळ लागतो आणि गिऱ्हाईक समोर उभं असतं. म्हणून चारही पद्धती शेजारी-शेजारी ठेवून सांगतो, तुमच्या वहीला कुठली लागेल ते तुम्ही ठरवा.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. टाइप करताना नावात चूक झाली तर ती डोळ्याला लगेच खुपते, "गणपत" चं "गणतप" झालं तर कोणीही ओळखेल. पण आकड्याचं तसं नसतं. ४१५ आणि ४९५ दोन्ही आकडे तितकेच खरे वाटतात, चुकीचा आकडा चुकीचा दिसतच नाही, आजूबाजूचे शब्द काही मदत करत नाहीत. घाईत लिहिलेल्या देवनागरी १ आणि ९ मध्ये फरक असतो तो एका छोट्या वळणाचा, आणि फोटोत वहीची छापील रेघ नेमकी त्या वळणावरून गेली की संपलंच. वहीत देवनागरी आणि इंग्रजी आकडे मिसळलेले असतील तर अजून गोंधळ, कारण आपला ४ इंग्रजी 8 सारखा दिसतो आणि आपला १ इंग्रजी 9 सारखा.

आता पहिली पद्धत, बेरीज जुळवणं. समजा एका पानावर सहा जणांची उधारी आहे: ४३०, १२९५, ८६०, ४१५, २०९०, ७२०. बेरीज ५८१०. टाइप करणाऱ्याने चौथ्या ओळीतला १ हा ९ वाचला, झाले ४९५, आणि दुसऱ्या ओळीतला ९ हा १ वाचला, झाले १२१५. एकीकडे ८० वाढले, दुसरीकडे ८० कमी झाले, बेरीज परत ५८१०! फाइल एकदम बरोबर दिसते, पण एका गिऱ्हाइकाकडे तुम्ही ८० जास्त मागणार आणि दुसऱ्याचे ८० सोडून देणार. ज्याला एक-नऊ मध्ये गोंधळ होतो त्याला तो दोन्ही बाजूंनी होतो, त्यामुळे अशी जोडी जमणं वाटतं तितकं दुर्मिळ नाही. दोन ओळींच्या रकमा एकमेकींच्या जागी पडल्या तरी बेरजेला काही कळत नाही.

बेरीज अगदीच निरुपयोगी आहे असं मी म्हणत नाही हं. ती जुळली नाही तर खूप काही सांगते. याच पानाची टाइप केलेली बेरीज ५६३० आली असं धरा, म्हणजे १८० कमी. फरकाला ९ ने भागून बघा, १८० भागिले ९ म्हणजे २०, पूर्ण भाग गेला. असा भाग गेला की शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले असण्याची शक्यता मोठी (एखादं शून्य गळलं किंवा वाढलं तरीही भाग जातो, ७२० चे ७२ झाले तर फरक ६४८). शतक आणि दशक उलटले की फरक त्या दोन अंकांतल्या फरकाच्या ९० पट येतो. इथे १८० म्हणजे ९० दुणे, म्हणजे शतक आणि दशक या दोन अंकांत २ चा फरक असलेली रक्कम शोधायची, पानावर तशी एकच आहे, ८६०, आणि खरंच तिथे ६८० टाइप झालेलं असतं. पण हे सगळं बेरीज चुकली तर, जुळली की ती गप्प बसते.

दुसरी पद्धत, एकट्याने नजर फिरवणं. सगळ्यात जास्त लोक हेच करतात आणि माझा याच्यावर सगळ्यात कमी विश्वास आहे. दहा-बारा ओळींनंतर डोळा आकडा वाचतच नाही, त्याचा आकार बघतो, चार अंकी आहे, पुढे २ आहे, मागे ० आहे, चला पुढे. मधला अंक निसटतो. आणि टाइप करणाऱ्यानेच तपासलं तर तो पहिल्यांदा जे वाचलं तेच परत वाचतो.

तिसरी पद्धत, दोन वेगळ्या माणसांकडून दोनदा टाइप करून घ्यायचं आणि मशीनला तुलना करायला लावायचं. एक रक्कम B मध्ये, दुसरी C मध्ये, आणि शेजारी:

```
=IF(B2=C2,"","वही बघा")
```

पानं शेकड्यात असतील तर हे छान, कारण तुम्हाला फक्त "वही बघा" आलेल्या ओळीच बघायच्या. खर्च दुप्पट होतो हे उघड आहे. पण याची खरी कमजोरी वेगळी आहे, दोघं फोटोवरूनच टाइप करतात. शिवणीजवळचा पहिला अंक फोटोत कापला गेला असेल तर १२९५ चे २९५ दोघंही टाकणार, आणि मशीन म्हणणार सगळं ठीक.

फोटो किंवा स्कॅन स्वच्छ दिसतंय म्हणून खरं असेलच असंही नाही. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिलं होतं की झेरॉक्सच्या काही वर्कसेंटर मशीन स्कॅन करताना अंकच बदलतायत, ६ च्या जागी ८ येतोय, इमारतीच्या नकाशातली खोल्यांची मापं चुकतायत, कारण फाइल लहान करताना मशीन सारखे दिसणारे तुकडे एकच समजून परत वापरत होती. अंक धूसर नव्हते, स्पष्ट होते आणि चुकीचे होते. फोनचा फोटो हा वेगळा प्रकार आहे, पण तपासताना मूळ वहीच हातात हवी ती याच्यासाठी.

म्हणून चौथी पद्धत, दोघांनी मिळून अंक-अंक. वही तुम्ही धरा, कारण ते अक्षर तुमचं किंवा तुमच्या घरातलं, तुमचा नऊ कसा असतो ते तुम्हालाच माहीत. दुसरा माणूस स्क्रीनवरचं नाव आणि आकडा मोठ्याने वाचेल, पण "एकोणसाठ" असं नाही, "पाच, नऊ" असं. एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर हे दुकानाच्या गोंगाटात सारखेच ऐकू येतात, त्रेपन्न-त्रेसष्टचंही तेच. सात आणि आठ मात्र सुटे वाचले तरी फसवतात, तिथे जरा थांबून म्हणायला सांगा. प्रत्येक ओळीला पेन्सिलने बारीक टिक. जो अंक तुम्हालाही लागत नाही तिथे अंदाजाने भरू नका, लाल रंग करून ठेवा आणि ते गिऱ्हाईक येईल तेव्हा त्याच्यासमोर सोडवा. तीस ओळींच्या पानावर साधारण सव्वाशे अंक होतात, सेकंदाला एक धरला आणि नावं धरली तरी चार-पाच मिनिटांत पान होतं.

माझं मत विचाराल तर वहीत काय आहे त्यावर ठरवा. रोजची विक्री असेल, जिथे शेवटी दिवसाचा एकूण आकडाच लागतो, तिथे बेरीज आणि नऊची युक्ती पुरते. वही मोठी असेल तर दोनदा टायपिंग घ्या, आणि प्रत्येक पानाची डावी कड तरी मूळ वहीशी लावून बघा. पण उधारीच्या खात्यात प्रत्येक ओळ एका माणसाची असते, तिथे मी अंक-अंक सोडून दुसरं काही सुचवणार नाही. वेळ फारच कमी असेल तर निदान ज्यांच्याकडे बाकी आहे तीच खाती आधी घ्या, चुकती झालेली नंतर. आणि सगळ्या पानांवर टिक होईपर्यंत जुनी वही माळ्यावर टाकू नका.